स्विचमध्ये ब्रेक नाही आणि डिफॉल्ट मधेच: उत्तर 110 कसं?

नवशिकी

नमस्कार मंडळी. सी भाषेच्या बहुपर्यायी सराव चाचणीतला एक प्रश्न आहे. त्यावरून आमच्या अभ्यासगटात सरळ तट पडलेत.

```c
#include <stdio.h>
int main(void)
{
    int n = 7, s = 0;
    switch (n % 4) {
        case 0:  s += 1;
        default: s += 10;
        case 2:  s += 100;
                 break;
        case 1:  s += 1000;
    }
    printf("%d", s);
    return 0;
}
```

पर्याय: (अ) 10 (ब) 110 (क) 111 (ड) कंपाइल होणार नाही

उत्तरसूचीत (ब) दिलंय. 7 ला 4 ने भागून बाकी 3, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. 3 ची केस नाही, म्हणून डिफॉल्ट, तेही कबूल. s झाला 10. पण त्याच्या खाली `case 2` लिहिलंय आणि बाकी तर 3 आहे! मग त्यात 100 का मिळवायचे? गटातला एक जण म्हणतो, डिफॉल्ट शेवटीच लिहावा लागतो, म्हणून (ड). एकीचं म्हणणं, ब्रेक नाही म्हणजे वरपासून सगळंच चालणार, म्हणून (क). मी (अ) वर ठाम आहे. उत्तरसूचीत छपाईची चूक असेल का?

---

रिकामटेकडा

शीर्षक वाचून वाटलं विजेचं बटण आणि गाडीचा ब्रेक यावर काहीतरी असेल. आत येऊन बघतो तर परीक्षा. चालू द्या, मी मागच्या बाकावर बसतो.

---

थेट_मुद्दा

उत्तरसूची बरोबर. 110. एकदा चालवून बघितलं असतं तर धागा काढावा लागला नसता.

---

नवशिकी

चालवून बघितलं हो, 110 च येतं. पण परीक्षेत कंपायलर नसतो. का येतं ते कळलं नाही तर पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच.

---

गणकयंत्र

ब्रेक नसेल तर नियंत्रण पुढच्या केसवर जातं हे खरं आहे, पण तिथे गेल्यावर ती केस जुळते का हे बघितलं जातंच. स्विच म्हणजे शेवटी एकाखाली एक लिहिलेले if. ब्रेक असला की उरलेले if वगळले जातात, नसला की पुढचे तपासले जातात. या हिशोबाने 3 आणि 2 जुळत नाहीत, म्हणून 10. कंपायलर 110 देत असेल तर डिफॉल्ट मधे लिहिल्यामुळे काहीतरी वेगळं होत असणार. डिफॉल्ट मधे घालूच नये, ही साधी शिस्त आहे.

---

खडूफळा

गणकयंत्र, तुमचं पहिलं वाक्य निम्मं बरोबर आहे आणि हा प्रश्न नेमका उरलेल्या निम्म्यासाठीच काढलाय. मी हा विषय शिकवते आणि असले प्रश्न काढतेही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्विचचं काम दोन टप्प्यांत होतं आणि ते दोन टप्पे एकमेकांत मिसळत नाहीत. पहिल्या टप्प्यात कंसातली किंमत एकदाच काढली जाते. इथे ती 3. मग आतल्या सगळ्या केसांमध्ये 3 आहे का हे पाहिलं जातं. यात कोणती केस वर आहे आणि कोणती खाली याला काहीही महत्त्व नाही. एकाच स्विचमध्ये दोन केसांची किंमत सारखी असेल तर कंपायलर चूक दाखवतो, त्यामुळे जुळली तर एकच केस जुळू शकते. एकही जुळली नाही तरच डिफॉल्टचा विचार होतो, मग तो वर लिहा, मधे लिहा नाहीतर खाली. या टप्प्याचं फलित एवढंच, की आत कुठून शिरायचं ते ठरतं.

दुसरा टप्पा म्हणजे शिरल्यावर खाली चालत सुटणं. आता `case 2:` हा प्रश्न उरलेला नसतो, ती नुसती पाटी असते. पाटी दिसली म्हणून गाडी थांबत नाही, ब्रेक लावला तर थांबते. तुलना पहिल्या टप्प्यातच संपली. म्हणून डिफॉल्टमध्ये 10, तिथे ब्रेक नाही म्हणून खालचे 100, आणि मग `break`. एकूण 110. वरचा `case 0` वगळला गेला, कारण आपण त्याच्या खाली उतरलो आणि स्विच मागे वर जात नाही. खालचा `case 1` वगळला गेला, कारण त्याच्या आधी ब्रेक आला.

नवशिकी, तुमच्या गटातली भांडणं माझ्या दृष्टीने फार मोलाची आहेत. असा प्रश्न काढताना चुकीचे पर्याय मनाला येतील ते टाकायचे नसतात. (अ) निवडणारा केसला if समजतो. (क) निवडणाऱ्याला ‘ब्रेक नाही म्हणजे सगळं चालतं’ एवढंच पाठ असतं, कुठून सुरू होतं ते निसटलेलं असतं. (ड) वाल्याने डिफॉल्ट नेहमी शेवटी पाहिलाय, म्हणून तो नियमच वाटतो. कुणी काय निवडलं यावरून कुणाला काय समजावून सांगायचं ते मला कळतं.

---

रिकामटेकडा

पाटी आणि ब्रेक! म्हणजे शेवटी हा धागा गाडीचाच निघाला.

---

गणकयंत्र

तुमचा आदर ठेवून विचारतो. डिफॉल्ट मधे असताना त्याच्या खाली `case 2` आहे. समजा n = 6, म्हणजे बाकी 2. वरून खाली येताना आधी डिफॉल्ट भेटतो. तो ‘काहीही चालेल’ म्हणणारा, मग तो 2 ला तिथेच का पकडत नाही? की कंपायलर आधी खाली डोकावून येतो?

---

अर्धविराम

खाली डोकावून येतो म्हणा किंवा सगळी यादी आधीच हातात असते म्हणा. बाकी 2 असेल तर थेट `case 2` वर उडी, डिफॉल्टला स्पर्शही नाही. s = 100.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर फाइल q.c नावाने जतन करा आणि हे द्या:

```
gcc -S q.c
```

q.s नावाची फाइल मिळेल. असेंब्ली येत नसली तरी हरकत नाही, फक्त आकार बघा. सगळ्या तुलना (`cmp` किंवा `test` ने सुरू होणाऱ्या ओळी) आणि त्यांच्या उड्या वर एका जागी गोळा झालेल्या दिसतील. त्यांच्या खाली 1, 10, 100 मिळवणाऱ्या ओळी तुम्ही लिहिलेल्या क्रमाने सलग. 10 मिळवणारी ओळ आणि 100 मिळवणारी ओळ यांच्या मधे एकही तुलना नाही. तिथे if असता तर तो मधे दिसला असता. ऑप्टिमायझेशनचा `-O2` वगैरे लावू नका मात्र, मग कंपायलर उत्तर आधीच काढून ठेवतो आणि बघायला काही उरत नाही.

---

मधली_सुट्टी

बाकीच्या चारही शक्यता मी वहीत करून बघितल्या, कुणाला ताळा करायचा असेल तर घ्या. बाकी 0 असेल (n = 8) तर `case 0` मधून शिरून 1, डिफॉल्टचे 10, `case 2` चे 100, एकूण 111. बाकी 1 (n = 5) असेल तर शेवटच्या केसमधून शिरून 1000, खाली कंस बंद, संपलं. बाकी 2 ला 100. बाकी 3 ला 110.

गंमत म्हणजे `case 0` मधून आलेला माणूसही डिफॉल्टमधून जातो. ‘काहीच जुळलं नाही तर डिफॉल्ट’ हे वाक्य सगळीकडे लिहिलेलं असतं, पण इथे 0 जुळला आणि तरी डिफॉल्ट चालला. हे माझ्या डोक्यात आज पहिल्यांदा बसलं.

---

खडूफळा

मधली_सुट्टी, अगदी. काहीच जुळलं नाही तर डिफॉल्टमधून *शिरायचं*. त्यावरून घसरत जायला कुणालाही मोकळीक आहे.

गणकयंत्र, अजून पटत नसेल तर `case 1` ची ओळ उचलून डिफॉल्ट आणि `case 2` यांच्या मधे ठेवा. बाकी काही बदलू नका, n = 7 च ठेवा. उत्तर 1110 येईल. n तोच, केसांच्या किमती त्याच, फक्त ओळींची जागा बदलली आणि उत्तर बदललं. प्रत्येक केस तपासली जात असती तर जागा बदलून फरक पडायला नको होता.

---

गणकयंत्र

केलं. 1110. ठीक आहे, तपासणी होत नाही हे मान्य. पण भाषेची ही रचना चुकीची आहे हे माझं मत कायम.

---

बहुभाषी

तुमच्या मताला मोठा पाठिंबा आहे, फक्त तो दुसऱ्या भाषांमध्ये आहे.

नवशिकी, चाचणीत ‘सी भाषेत’ असं स्पष्ट लिहिलंय ना? कारण हाच प्रश्न त्या त्या भाषेच्या लेखनात बसवून गो मध्ये विचारला तर उत्तर 10. तिथे प्रत्येक केस आपली आपण थांबते, पुढे जायचं असेल तर `fallthrough` असं मुद्दाम लिहावं लागतं. सी शार्पमध्ये विचारला तर (ड), कारण काहीतरी काम करणाऱ्या केसमधून खाली घसरायला ती भाषा परवानगीच देत नाही, कंपायलर अडवतो. जावास्क्रिप्टमध्ये सी सारखंच 110. म्हणजे तुमच्या गटातली निम्मी मंडळी बरोबर आहेत, भाषा तेवढी चुकली.

---

रिकामटेकडा

आणि 111 वाली कुठल्या भाषेत बरोबर?

---

मधली_सुट्टी

सी मध्येच, n = 8 असताना. वर लिहिलंय. मागच्या बाकावर ऐकू येत नाही वाटतं.

---

पहाटवारा

जावामध्ये तर हे आता बंद झालंय. नवीन स्विचमध्ये ब्रेक लागतच नाही.

---

बहुभाषी

पहाटवारा, अर्धंच. जावा 14 पासून बाणाचा स्विच कायमचा आला, `case 2 -> ...` असा. तो घसरत नाही. पण विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन लिहिलेला जुना `case 2:` आजही तसाच घसरतो. चाचणीत आधी बाण आहे की दोन टिंबं हे बघायचं. एकाच स्विचमध्ये दोन्ही मिसळले तर मात्र कंपाइल होत नाही, आणि हाही प्रश्न विचारतात.

---

सुटाबुटातला_बग

माझा आक्षेप आहे. आमच्याकडे हा प्रोग्रॅम असा कंपाइल करतात:

```
gcc -Wall -Wextra -Werror q.c
```

आणि तो कंपाइल होत नाही. `this statement may fall through` असं दोनदा सांगून थांबतो. म्हणून (ड). सिद्ध.

---

अर्धविराम

हा हा. `-Werror` लावलं की कंपायलरची कुरबूरही गुन्हा ठरते, त्याला भाषा काय करणार. भाषेच्या दृष्टीने प्रोग्रॅम वैध आहे, म्हणून (ड) नाही.

पण यात एक कामाची गोष्ट आहे. ही सूचना जीसीसीमध्ये आवृत्ती 7 पासून आली आणि ती `-Wextra` मध्ये आहे, `-Wall` मध्ये नाही. ‘वॉल लावलंय, म्हणजे सगळं कळेल’ या समजुतीत बरेच जण फसतात. आणि दोनदाच का सांगतो तेही बघा: एकदा `case 0` मधून डिफॉल्टमध्ये घसरताना, एकदा डिफॉल्टमधून `case 2` मध्ये. शेवटच्या `case 1` ला ब्रेक नाही, पण त्याच्या खाली घसरायला काही उरलेलंच नाही, म्हणून तिथे गप्प.

---

निळी_शाई

परीक्षा राहू द्या, हा प्रकार कामाच्या ठिकाणी कसा चावतो ते सांगते. एका जुन्या नोकरीतली गोष्ट. नोंदींची स्थिती हाताळणारा स्विच होता. ‘रद्द’ आणि ‘कालबाह्य’ या दोन स्थितींचं शेवटचं काम सारखंच, नोंद बंद करून पैसे परतीच्या यादीत टाकणं. म्हणून कुणीतरी ‘रद्द’ च्या केसमध्ये स्वतःचं थोडं काम करून, ब्रेक न देता मुद्दाम ‘कालबाह्य’ वर घसरू दिलं होतं. वर टीपही होती, इथून खाली जायचं आहे म्हणून. सगळं नीट चालू होतं.

मग ‘तात्पुरती थांबवलेली’ अशी नवीन स्थिती आली. नव्या सहकाऱ्याने तिची केस नेमकी त्या दोघांच्या मधे घातली, स्वतःच्या केसखाली ब्रेकही दिला. एकट्या त्याच्या केसकडे बघितलं तर चूक शून्य. पण आता ‘रद्द’ घसरून ‘थांबवलेली’ मध्ये पडायला लागली आणि तिथल्या ब्रेकने बाहेर. परतीच्या यादीपर्यंत पोचेचना. रद्द केलेल्या नोंदी थांबवलेल्या म्हणून दिसायला लागल्या तेव्हा लोक त्या नव्या केसमध्ये चूक शोधत बसले, कारण बदल तिथे झाला होता. लॉगमध्ये एकाच नोंदीखाली ‘रद्द’ आणि लगेच ‘थांबवली’ अशा दोन ओळी दिसल्या तेव्हा उलगडा झाला.

आणि ती टीप अजून तिथेच होती. कंपायलरही त्या टिपेमुळे गप्प बसला, कारण `/* fall through */` सारखी टीप दिसली की जीसीसी समजतो, मुद्दाम केलंय.

---

खडूफळा

निळी_शाई, हे उदाहरण वर्गात वापरेन. ‘खाली जायचंय’ एवढंच टीप सांगते, *कुणाकडे* ते सांगत नाही.

---

बहुभाषी

आता टिपेऐवजी `[[fallthrough]];` असं भाषेतच लिहिता येतं, सी++17 मध्ये आणि सी23 मध्येही. पण निळी_शाई यांच्या गोष्टीत त्यानेही काही वाचलं नसतं. तेही ‘कुणाकडे’ सांगत नाही. सी शार्पमध्ये मात्र `goto case` लिहून त्या केसची किंमत द्यावी लागते, तिथे मधे कुणी घुसलं तरी उडी योग्य जागीच पडते.

---

थेट_मुद्दा

एवढं घसरण्याचं भय असेल तर दोन केसांनी एकच फंक्शन बोलवावं, विषय संपला. रिकाम्या केसा एकाखाली एक लावणं सोडून मी कुठेच घसरू देत नाही.

---

जुना_खाक्या

आमच्या काळी सगळे घसरायचे आणि कुणी कुरकुर करत नव्हतं. :) सी ने हे बीसीपीएल घराण्यातून घेतलं, तिथेही बाहेर पडायला वेगळा `ENDCASE` लिहावा लागे. आणि केस म्हणजे नुसतं लेबल आहे याचा सगळ्यात आगाऊ पुरावा हवा असेल तर 1983 मध्ये टॉम डफ यांनी केलेली करामत बघा. स्विचच्या आत `do-while` लूप, आणि त्या लूपच्या पोटात मधे मधे केसची लेबलं. स्विच थेट लूपच्या मध्यात उडी मारतो, पहिली फेरी अर्धवट होते, पुढच्या पूर्ण. डेटा वेगाने हलवायला लिहिलं होतं ते. गणकयंत्र यांच्या if च्या रांगेत हे लिहून दाखवावं कुणी.

उलट्या बाजूचंही एक उदाहरण आहे. जानेवारी 1990 मध्ये अमेरिकेत एटी अँड टी चं लांब पल्ल्याचं टेलिफोन जाळं कित्येक तास कोलमडलं होतं. त्यात ब्रेक विसरलेला नव्हता, नको तिथे होता. स्विचच्या आत if, त्या if च्या आत `break`. ब्रेक if मधून बाहेर काढत नाही, तो अख्ख्या स्विचमधूनच बाहेर काढतो, आणि पुढचं आवश्यक काम राहून गेलं.

---

नवशिकी

सगळ्यांचे आभार, आता गटात मी तोंड वर करून सांगू शकते. जुना_खाक्या यांच्या शेवटच्या मुद्द्यावरून त्याच चाचणीतला हा दुसरा प्रश्न आठवला. यात लूप पण आहे:

```c
for (int i = 0; i < 5; i++) {
    switch (i) {
        case 1:  continue;
        case 3:  break;
        default: printf("%d", i);
    }
    printf("-");
}
```

इथे 3 आल्यावर लूपच संपायला हवा ना? मग 0-2- असं यायला हवं. सूचीत वेगळंच आहे.

---

पहाटवारा

`continue` स्विचमध्ये चालत नाही, एरर येईल.

---

अर्धविराम

लूपच्या आत स्विच असेल तर चालतं. `continue` ला स्विच दिसतच नाही, तो त्याच्या बाहेरच्या लूपला लागू होतो. `break` चं उलट: त्याला सगळ्यात जवळचा वेढा दिसतो, लूप असो की स्विच. इथे जवळचा वेढा स्विच आहे.

मग एकेक फेरी घ्या. i = 0: डिफॉल्ट, 0 छापला, स्विच संपला, आडवी रेघ. i = 1: `continue`, म्हणजे रेघेची ओळही हुकली, काहीच छापलं नाही. i = 2: 2 आणि रेघ. i = 3: ब्रेकने फक्त स्विचमधून बाहेर, लूप जिवंत, म्हणून नुसती रेघ. i = 4: 4 आणि रेघ. सगळं जोडून:

```
0-2--4-
```

मधल्या दोन सलग रेघा दिसल्या की समजायचं, 3 ने अंक छापला नाही पण रेघेपर्यंत आला.

---

नवशिकी

हेच आहे सूचीत! मला ती दुहेरी रेघ छपाईची चूक वाटली होती.

---

थेट_मुद्दा

तुम्हाला प्रत्येक बरोबर उत्तर छपाईची चूक वाटतं.

---

खडूफळा

असू द्या, शंका घेणाऱ्यांमुळेच सूचीतल्या खऱ्या चुका सापडतात.

कागदावर सोडवताना माझी पद्धत सांगते. आधी कंसातली किंमत समासात लिहायची. मग सगळ्या केसांवर नजर टाकून जुळणाऱ्या लेबलाभोवती गोल काढायचा, नसेल तर डिफॉल्टभोवती. त्या गोलातून पेन्सिलने सरळ खाली रेघ ओढायची, पहिला `break` किंवा `return` येईपर्यंत, नाहीतर स्विचचा कंस बंद होईपर्यंत. रेघेवर जे आलं ते चालणार. रेघ ओढताना मधली लेबलं वाचायचीच नाहीत. ब्रेक एखाद्या if च्या आत असेल तर मात्र थांबून ती अट खरी आहे का बघायचं. आणि रेघेवर `continue` भेटला तर लूपच्या पुढच्या फेरीला जायचं.

---

मधली_सुट्टी

पहिल्याच प्रश्नात n = -3 दिला तर? मी बाकी 1 धरली आणि 1000 म्हटलं. कंपायलर 110 म्हणतोय.

---

अर्धविराम

सी99 पासून भागाकार शून्याच्या दिशेने कापला जातो, म्हणून -3 % 4 म्हणजे -3. ती केस नाही, म्हणून डिफॉल्ट, 10 आणि 100. पायथनमध्ये मात्र -3 % 4 चं उत्तर 1. तुम्ही बहुधा पायथनवरून आलात.

---

मधली_सुट्टी

पकडलंत.

---

सुटाबुटातला_बग

आता माझा प्रश्न सोडवा. वरची पेन्सिल घेऊनच सोडवा.

```c
int k = 5;
switch (k) {
    case 1:  printf("A");
    defualt: printf("B");
}
```

---

नवशिकी

5 जुळत नाही, डिफॉल्टभोवती गोल, B.

---

सुटाबुटातला_बग

काहीच छापलं जात नाही. स्पेलिंग वाचा. :)

---

नवशिकी

मग कंपाइल तरी कसं होतं?

---

अर्धविराम

`defualt:` हे `goto` साठी लिहितात तसं एक साधं लेबल झालं, आणि ते वैध आहे. या स्विचला डिफॉल्टच नाही, म्हणून 5 साठी आत शिरायला दारच नाही. k = 1 असता तर AB छापलं असतं, कारण घसरताना लेबल कसलं आहे याने फरक पडत नाही. `case1:` असं मधली जागा न सोडता लिहिलं तरी हेच होतं. इथे मात्र `-Wall` उपयोगी पडतो, हे लेबल कुठे वापरलेलं नाही असं सांगतो.

---

खडूफळा

हा प्रश्न मी परीक्षेत घालणार नाही. यातून डोळे तपासले जातात, स्विच कळलाय की नाही ते नाही. छापील कागदावर तर विद्यार्थ्याला खरीच मुद्रणचूक वाटेल, आणि त्याने तसं वाटून B लिहिलं तर मी त्याला चूक कशी म्हणू?

---

सुटाबुटातला_बग

मॅडम, पण प्रत्यक्ष कामात हीच चूक अख्खा दिवस खाते. डिफॉल्ट लिहिलाय असं वाटत राहतं आणि तो चालतच नाही. जे कामात चावतं ते परीक्षेत का नको?

---

खडूफळा

कामात हाताशी कंपायलर असतो आणि त्याची सूचना असते. परीक्षेत त्या सूचनेसकट विचारा: ही सूचना का आली आणि k = 1 ला काय छापलं जाईल? मग माझी हरकत नाही.

---

निळी_शाई

मी बग यांच्या बाजूने. सूचना आधीच दाखवली तर शोधायचं काय उरलं?

---

गणकयंत्र

वाद चालू द्या, माझा एक प्रश्न मधेच. दोन किमतींना एकच काम असेल तर `case 1 || 2:` लिहिता येतं का? कंपाइल झालं, पण 2 ला चालत नाही.

---

बहुभाषी

`1 || 2` ची किंमत 1, म्हणून ती नुसती `case 1` झाली. 2 साठी कुणीच नाही. `case 1: case 2:` अशी दोन लेबलं लागोपाठ लावा. मधे काही काम नाही, त्यामुळे `-Wextra` सुद्धा तिथे गप्प बसतो.

---

गणकयंत्र

म्हणजे शेवटी घसरूनच जायचं.

---

बहुभाषी

हो. आणि त्याच स्विचमध्ये वर आधीच एखादी `case 1` असती, तर तुमचं ते `||` वालं लेबल कंपाइलच झालं नसतं, एकच किंमत दोनदा आली म्हणून.